कँटीनचा मेनू बदलतोय हे स्टाफला कसं सांगायचं: पहिल्यांदाच बोलायला उभं राहणाऱ्यांसाठी

कँटीन घेतलं की पन्नास भानगडी आपण धरूनच चालतो, गॅस संपणार, पोरं सुट्टीवर जाणार, नारळ महागणार, पण एक दिवस एचआरवाले येऊन सांगतात की यंदाच्या मेडिकल चेकअपमध्ये बऱ्याच जणांची शुगर न् बीपी वर आलंय तर मेनू जरा सुधारा, आणि हो, स्टाफसमोर दोन शब्द तुम्हीच बोला. हे कुणी धरलेलं नसतं. मी गोव्यात वेर्ण्याच्या बाजूला एक कँटीन चालवतो, साधारण १८० माणसं, आठवड्याचे सहा दिवस. हे भाषण मी दोनदा केलंय. पहिलं आपटलं, दुसरं चाललं, म्हणून दोन्ही सांगतो.

पहिल्यांदा काय केलं, तर पावणेएकला ऐन गर्दीत माइक घेतला आणि म्हटलं, आजपासून आपण सगळे हेल्दी खाणार. हातात स्टीलची वाटी होती, तिच्यात मोजून चार चमचे तेल. वाटी वर धरून म्हटलं बघा, आपल्याकडे प्रत्येकाच्या वाट्याला रोज एवढं तेल जातं. मला वाटलं सगळे गप्प होतील. मागून एकजण ओरडला, म्हणजे इतकी वर्षं तुम्हीच घालत होता की! सगळे हसले, मी पण हसलो, पण आमचा कुक आत भांडी आपटायला लागला तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचंही बरोबरच होतं म्हणा. नवीन जेवण चांगलं म्हटलं की जुनं वाईट होतं असा अर्थ निघतोच, आणि जुनं बनवलं कुणी, तर त्याने. सगळं भाषण या एका अडचणीभोवती फिरतं.

तर पहिलं काम भाषण लिहायचं नाही, हिशोब काढायचा. तेलाचे डबे मोजा. आमच्याकडे महिन्याला १५ लिटरचे ६ डबे लागायचे, म्हणजे ९० लिटर. २५ दिवसांनी भागलं की दिवसाला ३.६ लिटर, आणि १८० माणसांनी भागलं की माणशी २० मिली, म्हणजे चार चमचे. यातलं सगळं पोटात जात नाही, कढईत उरलेलं टाकून पण द्यावं लागतं, त्यामुळे हा आकडा लोकांसमोर मिरवायचा नाही (मी मिरवला तसा). तो आपल्यासाठी आहे. मी पुढचा आठवडाभर रोज किती तेल कुठे गेलं ते भिंतीवर खडूने लिहून ठेवलं तेव्हा कळलं की जवळजवळ निम्मं तेल दुपारच्या जेवणात नाहीच, चारच्या चहाबरोबरच्या भज्यांना जातंय. उरलेल्यातलं बरंचसं मासे तळायला. म्हणजे हात कुठे घालायचा ते ठरलं, आणि आमटी, भाजी आणि हुमण म्हणजे माशांची आमटी यांना हात लावायची गरजच नाही हेही ठरलं. नाहीतर माणूस उत्साहात सगळंच बदलायला जातो आणि मग लोक सगळ्यालाच विरोध करतात.

बदल तीनच घ्या. तीनपेक्षा जास्त उभ्याउभ्या ऐकून कुणाच्या लक्षात राहत नाहीत, बाहेर जाऊन एकमेकांना सांगताना अर्धे चुकीचे सांगतात, आणि संध्याकाळपर्यंत बातमी होते की कँटीनमध्ये मासे बंद.

दुसरं काम किचनला आधी सांगायचं. भाषणाच्या निदान चार दिवस आधी, भांडी घासून झाल्यावर सगळ्यांना बसवून, चहा देऊन. कारण वाढणाऱ्या पोराला कुणी विचारलं काय रे हे नवीन काय, आणि तो म्हणाला माहीत नाय, साहेबांनी सांगितलंय, की तुमचं भाषण तिथेच संपलं. आणि कुकला विचारा की हे जमणार का. मासा कढईतून तव्यावर आणायचा हे मी कागदावर लिहिलं होतं एका ओळीत. कुक म्हणाला, कढईत एका वेळी चाळीस तुकडे सोडतो मी, तव्यावर पंधरा बसतात, लाइन कोण सांभाळणार, तुम्ही? मग बसून हिशोब केला. दोन तवे, ३० तुकडे, एका घाण्याला दहा मिनिटं. मासा घेणारे रोज साधारण ११० लोक, म्हणजे चार घाणे, चाळीस मिनिटं. लाइन साडेबाराला सुरू होते म्हणून पहिला घाणा सव्वाबाराला लावायचा, आणि तरीही एकच्या आसपास दोन-चार मिनिटं थांबावं लागणार. ही थांबायची गोष्ट भाषणात सांगायची आहे, लपवायची नाही, कारण भुकेला माणूस चव बदललेली खपवून घेतो पण लाइन थांबलेली नाही.

ज्यांच्याकडे कँटीन कमिटी आहे त्यांनी तिच्यासमोर आधी ठेवा. कारखान्यांमध्ये १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टपासून कमिटीत कामगारांचे प्रतिनिधी घ्यायची पद्धत आहे, आणि रेटचा विषय तिच्याशिवाय काढलात तर भाषण राहतं बाजूला, युनियन बोलते. आम्ही रेट बदललेच नाहीत. पहिल्या महिन्यात तुम्हीही बदलू नका. चव आणि किंमत दोन्ही एकदम बदलली की लोक म्हणणार खर्च वाचवायला केलंय, आणि ते एकदा डोक्यात बसलं की निघत नाही.

आता दिवस. गोव्यात हे फार महत्त्वाचं आहे आणि बाहेरून आलेला मॅनेजर इथेच फसतो. सोमवारी किंवा गुरुवारी बोलू नका, त्या दिवशी अर्धे लोक शाकाहारी, आधीच तोंड पाडून बसलेले, त्यात तुम्ही अजून उसळीचं बोलणार. मासे असतील त्या दिवशी बोला, पोटात हुमण गेलं की माणूस मऊ होतो. महिना पण बघा. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद, मासे कमी येतात आणि महागतात, त्या वेळी मेनू बदललात तर तुकडा लहान झाल्याचं पाप पण तुमच्याच माथी. श्रावणात तर मुळीच नको, तेव्हा बरेच जण आपणहून मासे सोडतात, उसळ भराभर संपते, तुम्हाला वाटतं वा काय चाललंय, आणि गणेश चवथ झाली की सगळे परत माशांवर आणि उसळ पातेल्यात तशीच. मी दुसरं भाषण ऑक्टोबरात केलं.

वेळ म्हणाल तर लाइनमध्ये प्लेट धरलेल्या माणसाशी बोलायचं नाही. बहुतेक लोक बसलेत, पहिले चार घास गेलेत, अजून कुणी उठलं नाही, ती वेळ. आमच्याकडे ती एक वाजून पाच मिनिटांनी येते. आणि जेवणाच्या जेवढ्या पाळ्या तेवढ्या वेळा तेच भाषण करा, दुसऱ्या शिफ्टला नोटीस लावून भागवलंत तर त्यांना वाटतं आपल्याला कुणी विचारत नाही.

मी जे बोललो ते जवळजवळ जसंच्या तसं देतो. साधारण तीन मिनिटं लागतात. तुमचे दिवस, रेट, पदार्थ घालून घ्या.

"नमस्कार मंडळी. जेवत रहा, तीनच मिनिटं घेतो.

आधी जे बदलत नाही ते सांगतो. हुमण-शीत आहे तसंच राहणार. सोलकढी तशीच. सकाळची पातळ भाजी आणि पाव तसाच. थाळी सत्तर रुपये, तेवढीच. चहा दहा रुपये, तेवढाच.

आता बदलतंय ते. येत्या सोमवारपासून तीन गोष्टी. पहिली, चारच्या चहाला भजी मंगळवारी आणि शुक्रवारी मिळणार, रोज नाही. हो, ऐकू आलं मला. बाकीचे चार दिवस दोन दिवस मुगाची उसळ आणि पोई, एक दिवस खोबरं-कांदा घालून उकडलेले चणे, एक दिवस उकडलेलं रताळं. दुसरी गोष्ट चहा. दोन थर्मास असतील. लाल झाकणाच्यात आत्ताचाच चहा पण साखर जरा कमी, निळ्या झाकणाच्यात बिनसाखरेचा, बाजूला साखरेचा डबा. किती घालायची ते तुमचं तुम्ही बघा, मी मोजायला येणार नाही. तिसरी गोष्ट मासा. तळलेला मासा आता कढईतला नाही, तव्यावरचा. मसाला तोच, रवा तोच, हात आपल्या कुकमामांचाच. तव्याला वेळ लागतो, त्यामुळे एकच्या सुमाराला माशासाठी दोन-चार मिनिटं थांबावं लागेल. घाई असेल त्यांनी साडेबाराला या.

का करतोय? आपण सगळे वर्षाचे तीनशे दिवस एक जेवण आणि एक चहा इथे घेतो. त्यातलं रोजचं तळण थोडं कमी झालं तर बरं. एवढंच. कुणाला पथ्य असेल तर ते डॉक्टरांनी सांगायचं, मी नाही.

हे चार आठवडे करून बघायचं आहे. हात धुवायच्या बेसिनजवळ वही आणि पेन टांगलंय, आवडलं नाही तर लिहा, नाव नको. वाढणाऱ्या पोरांवर चिडू नका, हे मी आणि कमिटीने ठरवलंय. पाचव्या सोमवारी मी इथेच उभा राहून काय ठेवलं आणि काय काढलं ते सांगणार.

आज काउंटरवर मुगाची उसळ ठेवलीय, कुपन लागणार नाही, चाखून बघा. जेवा आता."

बस. आता यातली काही वाक्यं अशी का आहेत ते सांगतो.

जे बदलत नाही ते आधी, हे सगळ्यात मोठं. मॅनेजर हातात कागद घेऊन उभा राहिला की प्रत्येकाच्या डोक्यात एकच प्रश्न, माझं काय काढणार. तो प्रश्न मिटेपर्यंत कोणी काही ऐकत नाही. त्यामुळे हुमण-शीत आणि सत्तर रुपये हे दोन शब्द पहिल्या अर्ध्या मिनिटात तोंडातून बाहेर पडले पाहिजेत.

भजी कमी होणार हे सरळ बोला. "स्नॅक्समध्ये व्हरायटी आणतोय" असलं काही नको, लोक मूर्ख नसतात, चार वाजता कळणारच आहे. मी ते वाक्य बोललो तेव्हा एक टेबल अक्षरशः हळहळलं, आणि स्टोअरमधला एक जुना माणूस म्हणाला, "भजी ना जाल्यार च्या कित्याक?" म्हणजे भजी नसतील तर चहा तरी कशाला. म्हणून तर ती "ऐकू आलं मला"ची जागा आहे. तिथे दोन सेकंद थांबा, लोकांना कुरकुरू द्या, मग पुढे चला. कुरकुर दाबून पुढे गेलात तर ती वहीत येते.

कारण मात्र तीन-चार वाक्यांत संपवा. हेल्दी, डाएट, कॅलरी, तुमच्या भल्यासाठी, हे शब्द मी पूर्ण काढून टाकले. शुगर कमी होईल, वजन उतरेल असलं काही म्हणायचं नाही, ते आपलं काम नाही आणि उसळ खाऊन चार आठवड्यांत कुणाचं काही उतरत पण नसतं. मेडिकल चेकअपचा उल्लेख पण नको. दीडशे लोकांसमोर "आपल्यातल्या बऱ्याच जणांची शुगर" म्हटलं की सगळे वळून त्या चार जाड्या माणसांकडे बघतात.

पोईबद्दल एक सावधानी. कागदावर मी आधी लिहिलं होतं की पाव मैद्याचा असतो आणि पोई गव्हाची, म्हणून पोई चांगली. कमिटीसमोर वाचलं तर अकाउंट्समधली एक मुलगी, तिच्या घरचीच पोदेराची म्हणजे पाववाल्याची भट्टी, म्हणाली अंकल, हल्ली बऱ्याच ठिकाणी पोईत पण मैदाच जास्त असतो, वरून कोंडा लावतात. मी आमच्या पोदेराला विचारलं तर तो हसला आणि म्हणाला अर्धा-अर्धा. ओळ खोडली. पोई ठेवली, कारण लोकांना उसळीबरोबर ती आवडते, पण गव्हाची म्हणून नाही. जे स्वतः पुरवठादाराला विचारलेलं नाही ते माइकवर बोलायचं नाही, समोर बसलेल्या गर्दीत ते माहीत असलेला एकतरी निघतोच. उकड्या तांदळाचं पण तेच, उकडा म्हणजे तांबूस कोंड्याचाच असं नाही, पूर्ण पॉलिश केलेला पांढराही मिळतो.

मिठाचं मुद्दाम भाषणात घेतलेलं नाही. मीठ कमी केलंय असं एकदा जाहीर केलं की त्या दिवसापासून सगळ्यांना सगळं अळणी लागतं, न बदललेली आमटीसुद्धा, आणि मिठाची बरणी टेबलाटेबलावर फिरते. आम्ही दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं कमी करत आणलं. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते म्हणजे सपाट एक चमचा, आणि इथे लोणचं, पापड, कधी सुक्या बांगड्याची किसमूर, यातच बरंचसं संपतं. लपवाछपवी नाही हं, कमिटीला माहीत होतं आणि कुणी थेट विचारलं तर हो म्हणायचं असं ठरलं होतं. विचारलं एकानेच, तेही दीड महिन्याने.

भाषणानंतर प्रश्न येतात, त्यातला एक हमखास: "उरलेलं तेल परत वापरता काय?" याला गोल गोल उत्तर दिलं की संपलं. एफएसएसएआयचा नियम असा आहे की तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तळून तळून तेल बिघडलं की तयार होणारे घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, आणि हे मोजायला पट्ट्या आणि मीटर दोन्ही मिळतात. मी सांगितलं की आम्ही पट्टीने तपासतो, बघायचं असेल तर मंगळवारी चारला किचनमध्ये या. दोघं आले. पण पट्टी वापरत नसाल तर वापरतो म्हणू नका, आधी आणा आणि मग बोला. दुसरा प्रश्न असतो की सोमवारी भजी विकत तरी मिळतील काय. नाही म्हणा. एकाला दिली की संपलं, बुधवारपर्यंत कढई परत चढलेली असते.

प्रॅक्टिस करायची तर आरशासमोर नको, किचनमध्ये पोरांसमोर करा, एक्झॉस्ट चालू ठेवून. त्या आवाजात ऐकू गेलं तर हॉलमध्ये जातं. कागद हातात असू दे, त्यात काही कमीपणा नाही, फक्त वार आणि रेट मोठ्या अक्षरात लिहा, कारण चुकतात ते तेवढेच. मी दुसऱ्या पाळीला मंगळवार-गुरुवार बोलून गेलो आणि गुरुवारी चारला सात-आठ जण भज्यांसाठी उभे, तेव्हा पदरचे सामोसे मागवून दिले.

आणि वही टांगलीय म्हटलं तर ती खरंच टांगलेली असली पाहिजे, पेनाला दोरी बांधून. सूचनांची पेटी नको, पेटीत टाकलेलं कुणी वाचत नाही हे प्रत्येक ऑफिसात माहीत असतं. वहीत दुसऱ्याने लिहिलेलं दिसतं म्हणून लोक लिहितात, खाली उत्तरं पण देतात. पहिल्या आठवड्यात आमच्या वहीत अकरा ओळी आल्या, त्यातल्या सहा भज्यांवर, दोन लाइनवर, एकात नुसता माशाचा काटा काढलेला. पण वहीपेक्षा जास्त कळतं ते खरकट्याच्या बादलीतून. मी रोज चहानंतर बादली वजनकाट्यावर ठेवायचो. चण्यांच्या दिवशी दीड-दोन किलो, रताळ्याच्या दिवशी फक्त सालं, आणि उसळीच्या दोन्ही दिवशी सहा-सात किलो. चव तीच जी भाषणाच्या दिवशी सगळ्यांनी चाखून बरी म्हटली होती, मग टाकतात का? दुसऱ्या आठवड्यात मी स्वतः चार वाजता काउंटरवर वाटी घेतली. उसळ गार. कुक ती जेवणाबरोबरच बाराला उरकून टाकत होता, चारपर्यंत मूग फुगून लगदा, वर साय आल्यासारखा थर. साडेतीनला फोडणी द्यायला लागलो तशी बादली तीन किलोवर आली.

पाचव्या सोमवारी परत उभा राहिलो, या वेळी दीड मिनिटच. उसळ आता गरम मिळते, आधी गार मिळत होती ती आमची चूक. निळा थर्मास राहणार. तव्यावरचा मासा राहणार, तिसरा तवा आणलाय. रताळं महिन्यातून दोनदाच, बाकी वेळी चणे, कारण वहीत तसं आलंय. भजी मंगळवार आणि शुक्रवार. मागून तोच स्टोअरवाला म्हणाला, बुधवारी पण द्या की. मी म्हटलं वहीत लिहा.